विषय : ऑक्टोबरच्या विहीर-पाणीपातळीची जोडलेली फाइल कोरी आल्याबाबत व भरलेली प्रत पाठविण्याची विनंती

सोमवार, २७ ऑक्टोबर २०२५

आदरणीय सुनंदाताई,

सस्नेह नमस्कार.

आपण शनिवारी संध्याकाळी पाठविलेला मेल मिळाला. दिवाळीच्या आठवड्यात घरची कामे सांभाळून आपण आणि गावातील जलमित्रांनी तिन्ही गावांच्या ४२ विहिरींचे मोजमाप पूर्ण केले, याबद्दल सर्वप्रथम आपणा सर्वांचे मनापासून आभार. मात्र मेलसोबत जोडलेली `vihir_patali_oct.xlsx` ही फाइल माझ्याकडे कोरी उघडली आहे. तिची भरलेली प्रत आपण कृपया पुन्हा पाठवावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

फाइल उघडल्यावर खाली तिन्ही गावांच्या नावांची पाने दिसतात आणि प्रत्येक पानावर विहीर क्रमांक, शेतकऱ्याचे नाव, कठड्याची उंची, मोजमापाची तारीख व वेळ, पाण्यापर्यंतची खोली अशी मथळ्याची ओळही जागेवर आहे. त्या ओळीखाली मात्र एकही नोंद नाही. दोष माझ्या संगणकाचा असेल, असे वाटून मी तीच फाइल मोबाइलवर आणि कार्यालयातील दुसऱ्या संगणकावरही उघडून पाहिली, परंतु तेथेही तेच दिसले. गाळणी लागून ओळी लपल्या असतील, अशी शंका होती, पण ओळींचे क्रमांक सलग आहेत. अक्षरांचा रंग चुकून पांढरा झाला असावा म्हणून काही रकान्यांवर क्लिक करून वरच्या पट्टीत पाहिले, तीही रिकामी होती. शेवटी `Ctrl + End` दाबले, तर कर्सर पहिल्याच ओळीच्या अखेरच्या रकान्यावर जाऊन थांबला. त्यावरून फाइलमध्ये मजकूर लपलेला नसून तो मुळातच नाही, अशी माझी खात्री झाली. मे महिन्यात आपण पाठविलेली फाइल ८४ केबीची होती आणि ही केवळ ९ केबीची आहे, यावरूनही तेच दिसते.

माझा अंदाज असा आहे की, महिन्याच्या सुरुवातीला मी आपणांस नोंदींसाठी जो कोरा नमुना पाठविला होता, तोच या मेलला जोडला गेला असावा. त्या नमुन्याचे नाव मी हेच ठेवले होते. आपण त्यात नोंदी भरून तो दुसऱ्या ठिकाणी साठविला असेल, तर एकाच नावाच्या दोन फायली संगणकावर तयार झाल्या असतील आणि जोडताना त्यांतील कोरी फाइल निवडली गेली असेल. नमुन्याच्या नावातच ‘कोरा’ हा शब्द मी घालायला हवा होता. तसे केले असते तर हा घोळ टळला असता, त्याबद्दल मी दिलगीर आहे. आपण कृपया डाउनलोड आणि डॉक्युमेंट्स या दोन्ही फोल्डरांत पाहावे. भरलेली फाइल आकाराने नक्कीच मोठी असेल, त्यामुळे ती ओळखू येईल. जोडल्यानंतर पाठविण्यापूर्वी ती मेलमधूनच एकदा उघडून पाहिली, तर आपल्यालाही निश्चिंत वाटेल.

एवढ्या तातडीने लिहिण्याचे कारण आपण जाणताच. गुरुवारी, ३० तारखेला, पहिल्या गावात रब्बीच्या पाणी ताळेबंदाची बैठक आहे आणि ताळेबंदाचा निम्मा भाग या एका फाइलवर उभा आहे. पावसाचे आकडे आपल्याजवळ आहेत, पेरणीखालील क्षेत्र तलाठी कार्यालयातून मिळाले आहे, पण जमिनीत प्रत्यक्ष किती पाणी मुरले हे विहिरीच सांगतात. पाऊस बरा झाला म्हणून पाणी भरपूर आहे, असे पुरंदरच्या पूर्व पट्ट्यात गृहीत धरता येत नाही. तेथील काळ्या पाषाणात पाणी मावते ते वरच्या मुरमाच्या थरात आणि भेगांमध्ये, आणि हा थर एका मळ्यात खोल, तर शेजारच्या मळ्यात अगदी उथळ असतो. बैठकीत हरभरा किती, गहू किती, कांदा लावायचा की नाही, यावर लोक या आकड्यांच्या भरवशावर निर्णय घेतात. ज्यांच्या अंजिराच्या बागा आहेत आणि ज्यांनी मीठा बहर धरण्याचे ठरविले आहे, त्यांना तर थेट उन्हाळ्यापर्यंतचे पाणी आजच मोजावे लागते. अंदाजाने लिहिलेले आकडे त्यांच्यापुढे ठेवण्याची माझी तयारी नाही, आणि आपलीही नसेल, हे मला ठाऊक आहे.

आपण पुन्हा फाइल उघडणारच आहात, तर त्याच वेळी एका गोष्टीकडे लक्ष द्यावे, अशी विनंती आहे. मे महिन्यात आपण पाण्याची खोली विहिरीच्या कठड्यावरून मोजली आणि नंतर कठड्याची उंची वजा करून ती जमिनीपासूनची खोली म्हणून नोंदविली होती. ऑक्टोबरच्या नोंदींतही तशी वजाबाकी झाली आहे का, हे कृपया तपासावे. दोन्ही वेळा एकाच बिंदूपासून मोजले असेल, तर वाढ बरोबर निघते. परंतु एकदा जमिनीपासून आणि एकदा कठड्यापासून अशी सरमिसळ झाली, तर अडीच फुटांच्या कठड्याने पाणी पाऊण मीटर खाली गेल्यासारखे दिसते. आपल्या पहिल्या गावाचे क्षेत्र सुमारे ८०० हेक्टर आहे. मुरमाट थराची साठवणक्षमता आपण २ टक्के धरतो. त्या हिशेबाने सगळ्याच विहिरींत ही चूक राहिली, तर गावाच्या ताळेबंदातून १,२०,००० घनमीटर, म्हणजे १२ कोटी लिटर पाणी कागदावरून नाहीसे होईल आणि असलेले पाणी नाही समजून लोक पेरा कमी करतील. आपल्या मोजमापाविषयी मला शंका नाही. आकडे एका वहीतून दुसरीकडे उतरविताना हा रकाना राहून जातो, हा माझा स्वतःचा अनुभव आहे.

त्याचप्रमाणे, ज्या विहिरींवर मोजमापाच्या वेळी किंवा त्याच्या थोडे आधी मोटर चालू होती, त्यांच्यापुढे शेऱ्यात तशी नोंद असावी. मे महिन्याच्या वहीत पिंपळमळ्यातील एका विहिरीपुढे आपण पेन्सिलीने ‘मोटर पहाटेपासून चालू, पातळी बसलेली नाही’ असे बारीक अक्षरांत लिहिले होते. त्या एका ओळीमुळे ती विहीर सरासरीतून वगळता आली आणि बाकीच्या विहिरींचे चित्र स्वच्छ राहिले. फाइलमध्ये शेऱ्याचा रकाना शेवटी असल्याने तो कधी कधी भरायचा राहतो, परंतु माझ्या दृष्टीने तो खोलीच्या रकान्याइतकाच मोलाचा आहे. काही वयस्कर शेतकऱ्यांनी विहिरीची एकूण खोली परसात सांगितली असेल, तर ती तशीच शेऱ्यात लिहावी. माणसागणिक परस बदलतो, म्हणून त्याचे मीटर आपण घाईने करू नयेत. पाण्यापर्यंतची खोली मात्र टेपने मोजलेली आणि मीटरमध्येच हवी.

भरलेली फाइल सापडली नाही, तरी आपण सर्व ४२ नोंदी पुन्हा टंकलिखित करण्याचे कष्ट घेऊ नयेत. मूळ नोंदवही आपल्याजवळ आहेच. तिच्या संबंधित पानांची छायाचित्रे उजेडात, पान सपाट ठेवून, वरून सरळ घेतलेली पाठविली, तर मी आणि कार्यालयातील सहकारी येथे बसून उद्या दुपारपर्यंत सर्व आकडे भरू आणि तपासण्यासाठी आपल्याकडे परत पाठवू. छायाचित्रे व्हॉट्सअ‍ॅपवर पाठविताना ती डॉक्युमेंट म्हणून पाठवावीत, म्हणजे त्यांची स्पष्टता कमी होणार नाही. मागे एकदा ३ आणि ८ यांतील फरक कळेना म्हणून आपणांस रात्री फोन करावा लागला होता. पेन्सिलीच्या शेऱ्यांची पानेही कृपया वगळू नयेत.

वेळेच्या दृष्टीने, पहिल्या गावाच्या १६ विहिरींच्या नोंदी मंगळवारी संध्याकाळपर्यंत मिळाल्या, तर बुधवारी ताळेबंद मांडून त्याचा तक्ता छापता येईल आणि गुरुवारी सकाळी तो मंदिरासमोरच्या फलकावर लागेल. उरलेल्या दोन गावांच्या १४ आणि १२ विहिरींच्या नोंदी शनिवारपर्यंत आल्या तरी चालतील, कारण तेथील बैठका पुढील आठवड्यात आहेत. तिन्ही पाने एकदम तयार होण्याची वाट न पाहता पहिले पान आधी पाठविले, तर माझी मोठी सोय होईल. नव्या फाइलच्या नावात गावाचे नाव आणि ‘भरलेली’ हा शब्द घालावा, ही विनंती. शनिवारी आलेली कोरी फाइल मी आपल्या सामाईक फोल्डरमधून काढून टाकली आहे, म्हणजे ती चुकून कोणी वापरणार नाही.

आपल्या मेलची प्रत बैठकीची व्यवस्था पाहणाऱ्या सहकाऱ्यांनाही गेली होती. त्यांना मी फोनवर इतकेच कळविले आहे की, आकड्यांची फाइल पुन्हा येत आहे आणि बैठकीची तारीख तीच राहील. त्यांनी आपणांस याबाबत विचारले, तर वेगळा खुलासा करण्याची गरज नाही.

आपल्या भागात संध्याकाळी वीज जाते आणि इंटरनेटही मंद होते, हे मला माहीत आहे. फाइल जात नसेल, तर मला केवळ एक मिस्ड कॉल द्यावा. मी परत फोन करीन आणि आपण वहीतून वाचून दाखवाल तसे आकडे येथे लिहून घेईन. पहिल्या गावाच्या १६ विहिरींना अर्ध्या तासापेक्षा जास्त वेळ लागणार नाही. उद्या सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत मी फोनवर उपलब्ध आहे आणि बुधवारी सकाळी आठ वाजल्यापासून ताळेबंदाच्या कामासाठी कार्यालयात असेन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
विनायक
पाणी ताळेबंद विभाग, पुणे कार्यालय

सोबत : मे महिन्याची भरलेली फाइल, रकाने पडताळण्यासाठी. पाठविण्यापूर्वी ती उघडून पाहिली आहे. तीत सर्व ४२ नोंदी आहेत.