शुक्रवार-शनिवारच्या रजेसाठी

बाई, नमस्कार.

येत्या शुक्रवारी आणि शनिवारी, म्हणजे १० आणि ११ जुलैला, किरकोळ रजा हवी आहे. खालची डावी अक्कलदाढ हिरडीत आडवी अडकली आहे, ती शुक्रवारी सकाळी काढायची ठरली आहे. भूल फक्त तेवढ्या भागाला देतात, दुपारपर्यंत घरी येईन. काळजीचं काही नाही. घटक चाचणी सुरू व्हायच्या आत उरकून घ्यावं म्हणून आताची तारीख घेतली.

एक दिवस पुरणार नाही, कारण हिरडीला टाके पडणार आहेत. पहिले चोवीस तास चूळसुद्धा जोरात भरायची नाही, जखमेवर धरलेली रक्ताची गाठ सुटते म्हणे. सूजही दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त असते. तोंड नीट उघडत नसताना दहावीला अलंकार शिकवून मुलांची करमणूक तेवढी होईल! रविवार धरून तीन दिवस मिळाले की सोमवारी वर्गावर उभी राहते. टाके पुढच्या शनिवारी शाळा सुटल्यावर काढून घेईन, त्यासाठी वेगळी रजा नको.

बदली तासांचं: दहावी अ साठी अलंकारांच्या स्वाध्यायाच्या झेरॉक्स स्टाफरूममधल्या माझ्या कपाटात वरच्या खणात ठेवते. आठवी ब ला निबंध दिला आहे, तो वर्गातच लिहून घ्यायचा. कुणीही बसलं तरी चालेल. शनिवारची दिंडीची तालीम मात्र संगीताच्या सरांना घ्यायला सांगितली आहे, ते हो म्हणालेत. अभंग मुलांना पाठ आहेत, टाळ कपाटाशेजारच्या पेटीत आहेत.

सोबत अर्ज जोडते. त्यात नुसतं 'वैद्यकीय कारण' लिहिलं आहे. तो फाईलला लागणार, तिथे दाढेचा इतिहास कशाला? तुम्हाला सगळं सांगितलं, कारण सोमवारी गाल सुजलेला दिसेल. स्टाफच्या ग्रुपवर 'जाधव बाई रजेवर' एवढंच टाकाल का? नाहीतर लवंगेच्या तेलापासून तुरटीपर्यंत सगळे उपाय दिवसभर येत राहतील.

शुक्रवारी संध्याकाळनंतर मेसेज पाहीन. फोनवर बोलणं जमणार नाही.

वर्षा

अर्ज

दि. ६ जुलै २०२६

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,

विषय : दोन दिवसांची किरकोळ रजा मिळण्याबाबत

महोदया,

वैद्यकीय कारणास्तव मला शुक्रवार दि. १० जुलै व शनिवार दि. ११ जुलै २०२६ या दोन दिवसांची किरकोळ रजा मंजूर करावी, ही विनंती. माझ्या तासिकांसाठी अभ्याससाहित्य देऊन ठेवत आहे. सोमवार दि. १३ जुलै रोजी कामावर हजर होईन. आवश्यक असल्यास दवाखान्याचे प्रमाणपत्र सादर करीन.

आपली विश्वासू,
वर्षा जाधव
सहशिक्षिका (मराठी)