सुचौ दौरा : व्हीपीएनची तयारी, निघण्यापूर्वीची तपासणी यादी

कोणासाठी : भोसरीहून मशीनच्या प्री-डिस्पॅच तपासणीसाठी जाणारे दोघे (क्वालिटी आणि मेन्टेनन्स)
प्रयाण : रविवार, १५ नोव्हेंबर २०२६, रात्री मुंबईहून
यादी पुरी करण्याची शेवटची तारीख : गुरुवार, ५ नोव्हेंबर

दिवाळीची सुट्टी ७ ते ११ आहे. "भाऊबीज झाली की बघू" असं ठरवलंत तर हातात दोन-तीन कामाचे दिवस उरतील आणि त्यातही निम्मं ऑफिस गावाहून परतलेलं नसेल. म्हणून ५ तारीख. प्रत्येक चौकोनात खूण करणाऱ्यानेच सही करायची. दुसऱ्याने "झालंय" सांगितलं म्हणून खूण करायची नाही.

आधी परवानगी

☐ चीनमध्ये देशाबाहेर जाणाऱ्या व्हीपीएनसाठी सरकारी मान्यतेची लाईन लागते. ती चायना टेलिकॉम, चायना युनिकॉम किंवा चायना मोबाईलकडून कंपन्या भाड्याने घेतात. आपल्या पुरवठादाराकडे अशी लाईन आहे. पाहुण्यांनी त्यावरून भोसरीच्या गेटवेला जोडायला हरकत नाही, असं त्यांच्या आयटी विभागाचं लेखी उत्तर आलं आहे. त्याची प्रिंट पासपोर्टच्या पाकिटात ठेवा.

☐ फोनवर आधीपासून असलेली फुकटची व्हीपीएन अॅप्स काढून टाका. त्यांचा आपल्याला उपयोग नाही, आणि कुणी विचारलं तर उत्तर देणं अवघड.

☐ हॉटेलच्या वाय-फायवर व्हीपीएन चालू करायचा नाही. तिथे सिनेमा बघा, कामासाठी खालचे मार्ग वापरा.

मार्ग कोणते, कोणत्या क्रमाने

मार्ग १ : आपल्या भारतीय सिमचं रोमिंग आणि त्यावर वायरगार्ड.
मार्ग २ : पुरवठादाराची लाईन आणि त्यावर ओपनव्हीपीएन, टीसीपीवरून. तो अडला तर लॅपटॉपमध्येच असलेलं आयकेईव्ही२.
मार्ग ३ : व्हीपीएन नाहीच. लॅपटॉपवरच्या फायलींवर काम, अहवाल रोमिंगवरून ईमेलने.

रोमिंग पहिलं का, ते समजून घ्या, म्हणजे तिथे गेल्यावर पैसे वाचवायला बंद करणार नाही. रोमिंगचा डेटा साधारणपणे स्थानिक इंटरनेटवर बाहेर न पडता आपल्या मोबाईल कंपनीच्या नेटवर्कपर्यंत नेला जातो आणि तिथून पुढे जातो. म्हणूनच स्थानिक वाय-फायवर न उघडणाऱ्या साइट रोमिंगवर बहुतेक वेळा उघडतात. पॅक महाग आहे, पण मशीन पास की नापास हे कळवायला लागणारा एक दिवस त्याहून महाग पडतो.

☐ पॅकच्या देशांच्या यादीत चीन आहे हे स्वतः वाचलं. ("आशिया पॅक" म्हणजे चीन आलाच, असं धरू नका.)
☐ पॅक दोघांच्याही सिमवर. एकाचा फोन पडला तर दुसऱ्याच्या हॉटस्पॉटवर दोघांचं भागलं पाहिजे.
☐ बँकेचे ओटीपी ज्या सिमवर येतात, तेच सिम रोमिंगमध्ये चालू.

गेटवे दोन ठिकाणी

'अ' भोसरीच्या ऑफिसात, 'ब' मुंबईत भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर. भोसरीत गुरुवारी देखभालीसाठी लाईट जाते. यूपीएस संपला की 'अ' झोपला, आणि तुम्ही तिथे असताना एक गुरुवार येतोच. 'ब'वरून ऑफिसच्या नेटवर्कला जाण्याची वाटही भोसरीतूनच असल्यामुळे त्या काळात ईआरपी दिसणार नाही. ड्रॉइंगच्या फोल्डरची प्रत मात्र 'ब'वर रोज रात्री जाते, ती मिळेल.

☐ प्रत्येक यंत्राला वेगळी वायरगार्ड किल्ली : लॅपटॉप दोन, फोन दोन, एकूण चार. लॅपटॉपची फाईल फोनवर टाकलीत तर दोन यंत्रं एकाच नावाने सर्व्हरशी बोलू लागतात. उत्तरं कधी याच्याकडे, कधी त्याच्याकडे जातात आणि दोन्हीकडे नेट "अडखळतंय" असं वाटत राहतं.

☐ फाईलमध्ये सर्व्हरचं नाव नको, आयपी पत्ता हवा. तिथे डीएनएसचं उत्तर मुद्दाम चुकीचं दिलं जाऊ शकतं. नाव चुकीच्या पत्त्यावर गेलं की बाकी सगळं बरोबर असून उपयोग नाही.

तुमच्या फायलीत या ओळी अशाच आहेत का, ते ताडून बघा (किल्ल्यांच्या ओळी इथे दाखवलेल्या नाहीत) :

```
[Interface]
MTU = 1280

[Peer]
Endpoint = 203.0.113.24:51820
AllowedIPs = 10.20.0.0/16, 192.168.1.10/32
PersistentKeepalive = 25
```

एमटीयू मुद्दाम कमी ठेवला आहे. जोडणी होते, पण पान अर्धं येऊन थांबतं, अशी तक्रार त्याने बहुतेक जाते. `192.168.1.10/32` ही ओळ ईआरपीच्या जुन्या सर्व्हरसाठी आहे. घरोघरीच्या राउटरप्रमाणे तिथल्या पाहुण्यांच्या नेटवर्कलाही `192.168.1` मालिकाच असू शकते. ही ओळ नसेल तर लॅपटॉप ईआरपी सुचौमध्येच शोधत बसेल.

ओपनव्हीपीएनची फाईल 'ब'ला `198.51.100.7` वर, पोर्ट `443`, टीसीपीने जाते. प्रमाणपत्रं आणि किल्ल्या त्याच एका फायलीत आहेत, सोबत वेगळं काही न्यायचं नाही. पोर्ट वेबसाइटचा असला तरी तो वेबसाइटसारखा दिसतोच असं नाही. तपासणाऱ्या यंत्रणेला ओपनव्हीपीएनची सुरुवातीची देवाणघेवाण ओळखता येते. वायरगार्ड तर लपायला बनवलेलाच नाही. त्यामुळे पोर्ट बदलून लपवाछपवीचा खेळ तिथे खेळू नका. नाही जोडला, तर पुढचा मार्ग.

☐ आयकेईव्ही२ विंडोजमध्ये आणि आयफोनमध्ये आधीच असतं, वेगळं अॅप लागत नाही. फक्त जोडणी आत्ता तयार करून ठेवायची. त्याला यूडीपी `500` आणि `4500` उघडे लागतात.

☐ ओपनव्हीपीएन आणि आयकेईव्ही२ या दोन्हींच्या प्रमाणपत्रांची मुदत ३१ डिसेंबरच्या पुढे आहे.

नेट नसताना हाताशी काय हवं

☐ अॅप्स इथूनच टाकून घ्या. चीनमध्ये गुगल प्ले नाही, आणि अॅपलने तिथल्या अॅप स्टोअरमधून व्हीपीएन अॅप्स २०१७ सालीच काढली.

☐ विंडोजसाठी वायरगार्डचं पूर्ण एमएसआय पेनड्राइव्हवर. वेबसाइटवरची छोटी `wireguard-installer.exe` पुरत नाही. ती चालवली की खरा प्रोग्राम ती नेटवरूनच आणते.

☐ चारही कॉन्फिगरेशन, ओपनव्हीपीएनचं इन्स्टॉलर, आणि बिटलॉकरची रिकव्हरी किल्ली (तुमची स्वतःच्या नव्हे, सहकाऱ्याच्या पेनड्राइव्हवर). पेनड्राइव्ह एन्क्रिप्टेड.

☐ पासवर्ड कीपासएक्ससीच्या फायलीत, प्रत लॅपटॉपवर आणि पेनड्राइव्हवर. त्याचा मुख्य पासवर्ड मात्र डोक्यात.

☐ ऑथेंटिकेटर अॅपला नेट लागत नाही, पण घड्याळ बरोबर लागतं. वेळ "आपोआप" वर ठेवा. चीन आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे, हाताने काटे फिरवायला गेलात तर कोड चुकत राहतील. एकदाच वापरायचे बॅकअप कोड कागदावर, कागद सामानात नव्हे, खिशात.

☐ आपल्या मशीनचीच ड्रॉइंग आणि तपासणीचा एक्सेल नमुना लॅपटॉपवर. बाकी प्रकल्पांचे फोल्डर काढून टाका. लॅपटॉप आयटीचा फिरता, रोजचा नाही.

☐ विमान मोड लावून वरचं सगळं उघडून पाहिलं. एखादी फाईल "सिंक होत आहे" म्हणाली, तर ती तुमच्याकडे नाही.

चाचणी

ऑफिसच्या वाय-फायवरून केलेली चाचणी धरली जाणार नाही, तिथे तुम्ही गेटवेच्या आतच बसलेले असता. फोनच्या हॉटस्पॉटवर एकदा आणि घरच्या राउटरवर एकदा, एवढं हवं. हॉटस्पॉट मोबाईल नेटवर्कचा नमुना, आणि घरचा राउटर `192.168.1` च्या गोंधळाचा.

☐ वायरगार्ड 'अ'ला जोडला. हिरवा दिवा पाहून थांबू नका. "लेटेस्ट हँडशेक"समोर काही सेकंदांपूर्वीची वेळ दिसली आणि ईआरपीत एक नोंद उघडली, तरच खूण.

☐ आता पहिला मार्ग मुद्दाम तोडा. प्रशासक म्हणून पॉवरशेल उघडून :

```
New-NetFirewallRule -DisplayName "UDP-test" -Direction Outbound -Protocol UDP -RemotePort 51820,500,4500 -Action Block
```

वायरगार्ड आणि आयकेईव्ही२ दोन्ही मेले पाहिजेत. मग ओपनव्हीपीएन जोडा, ड्रॉइंगच्या फोल्डरमधून एक मोठी पीडीएफ उतरवा. 'ब' दिसत नसेल तर आधी हे :

```
Test-NetConnection 198.51.100.7 -Port 443
```

`TcpTestSucceeded : True` आलं तर वाट उघडी आहे, अडचण फायलीत आहे. (ही आज्ञा फक्त टीसीपी तपासते. वायरगार्डचं काही तिला कळत नाही.) काम झालं की नियम काढा, नाहीतर सुचौमध्ये स्वतःच लावलेल्या कुलपाशी झगडत बसाल :

```
Remove-NetFirewallRule -DisplayName "UDP-test"
```

☐ नियम काढल्यावर आयकेईव्ही२ एकदा जोडून पाहिलं.

☐ ५ तारखेचा गुरुवार आहेच. लाईट गेल्यावर 'अ' बंद पडेल, तेव्हा 'ब'वरून ड्रॉइंग उघडून दाखवा. लाईट नाही गेली तर दुपारी ३ ला मी 'अ' हाताने बंद करतो.

☐ मार्ग ३ ची तालीम : व्हीपीएन बंद, तपासणीचा एक्सेल भरला, मोबाईल डेटावरून ईमेल केला, प्लांट हेडनी उघडून "मिळालं" असं उत्तर दिलं.

हे चौकोन रिकामे असतील तर ५ तारखेला संध्याकाळी माझ्या टेबलाशी या. चाचणी न झालेला मार्ग वरच्या यादीतून मी खोडून टाकणार आणि तुमच्या साहेबांना तसं कळवणार.

संपर्क

☐ व्हॉट्सअॅप तिथल्या नेटवर्कवर चालत नाही, फक्त रोमिंगवर धरा. वीचॅटवर भारतात जून २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे इथून तो मार्ग बंद. पुरवठादाराच्या माणसांना तुमचा साधा मोबाईल नंबर आणि ईमेल आधीच कळवा.

☐ तिथे सकाळचे ९ म्हणजे इथे साडेसहा. १६ तारखेपासून तुम्ही परतेपर्यंत आयटीचा फोन सकाळी साडेसहाला चालू असेल. साधा कॉल करा, मेसेज करून वाट बघू नका. सांगताना तीन गोष्टी सांगा : कोणतं नेट, कोणता मार्ग, पडद्यावर नेमकं काय लिहिलंय.

☐ लॅपटॉप किंवा फोन हरवला, किंवा तपासणीसाठी कुणी डोळ्यांआड नेला, तर लगेच फोन. त्या एका यंत्राची किल्ली इथून काढली जाईल, बाकी तीन यंत्रांचं काम चालू राहील.

परत आल्यावर

☐ पहिल्याच दिवशी लॅपटॉप आणि पेनड्राइव्ह आयटीकडे जमा, ऑफिसच्या नेटवर्कला जोडण्याआधी. चारही किल्ल्या रद्द, ओपनव्हीपीएनची प्रमाणपत्रं रद्द, फोनमधल्या फायली तुमच्यासमोर पुसल्या जातील. रोमिंग पॅकची पावती हिशेब विभागाला त्याच आठवड्यात द्या.