माणशी दोन मुठी

नंदाच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सहाव्या दिवशी ती वॉकरसकट घरी आली. लेक पुण्याहून येऊन आठ दिवस राहिली, मग तिची रजा संपली. जाताना तिनं दोन्ही वेळचा डबा लावून दिला. पण डबा यायचा साडेबाराला, आणि सकाळच्या गोळ्या उपाशीपोटी घ्यायच्या नाहीत असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर खाली रेघ मारून लिहिलेलं. म्हणजे चहा आणि नाश्ता माझ्या गळ्यात.

मी पाटबंधारे खात्यातला माणूस. नोकरीची शेवटची बरीच वर्षं पावसाळ्यात कृष्णेचं पाणी मोजण्यात गेली. आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका; सांगलीत हे पोरांनाही पाठ असतं. ज्याचा आकडा नाही त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही, हा माझा स्वभावच होऊन बसलाय.

पहिल्या सकाळी स्वयंपाकघरातून विचारलं, "अगं, दोन कपाला पाणी किती?"

"दीड कप घाला. अंदाजानं."

"दीड कप की अंदाजानं?"

आतून उत्तर आलं नाही. बायको उत्तर देत नाही तेव्हा काय समजायचं हे मात्र मला मोजपट्टीशिवाय कळतं.

पाणी ठेवलं, साखर घातली, पावडर घातली. आलं किसणीवर किसलं, त्यात बोटाचं थोडं कातडंही गेलं. मग म्हटलं, कशाला वेळ घालवायचा, म्हणून आलं आणि दूध एकदमच ओतलं. दोन मिनिटांत पातेल्यात पांढऱ्या गुठळ्या आणि वर पिवळं पाणी.

"फाटला ना?" खोलीतून आवाज.

"तुला कसं कळलं?"

"तुम्ही गप्प झालात त्यावरनं. आलं आधी पाण्यात चांगलं उकळू द्यायचं असतं. कच्च्या आल्यानं दूध नासतं."

त्या दिवशी तिनं गोळ्या बिस्किटांबरोबर घेतल्या.

पोह्यांचं प्रकरण त्याहून लांबलं. मी भात बघितलेला, म्हणून पोहेही पातेल्यात पाणी भरून भिजत घातले आणि पेपर वाचत बसलो. अग्रलेख संपवून येतो तर पातेल्यात खळ. पोस्टर चिकटवायला चाललं असतं. दुसऱ्या दिवशी डबा चुकला. पातळ पोहे घेतले, चिवड्याचे. त्यांना पाणी लागलं मात्र, गोळा झाला. तिसऱ्या दिवशी पोहे बरोबर जमले, तर हळद चमचाभर पडली. हळदीच्या बाजारपेठेत राहतो म्हणून काय झालं! नंदानं एक घास घेतला, तोंड कडू केलं आणि म्हणाली, "ही लग्नाला लावायची की खायची?"

तिची खोली स्वयंपाकघराला लागूनच. मधे नुसती भिंत. ती पडल्यापडल्या कानांनी स्वयंपाक करायची.

"तेल तापलं नाही अजून, मोहरी टाकलीत ना? मुकी पडली बघा."

"आता कढीपत्ता घातलात. मागं सरा."

"शेंगदाणे आधी तळून काढायचे, कितीदा सांगू! आता कांद्यात वाफाळतायत, कुरकुरीत कुठनं होणार?"

मी वर्षानुवर्षं नदीकाठी उभा राहून पाणी बघितलं, पण नुसत्या आवाजावरून पाणी किती चढलं ते मला कधी सांगता आलं नसतं.

तरी पोहे मोजायचे किती हा प्रश्न होताच. रोज एक तर कढईभर व्हायचे, नाही तर चहाबरोबर चिमणीचा घास. विचारलं तर म्हणाली, "माणशी दोन मुठी आणि एक मूठ कढईला."

"कढई खाते काय?"

"आई म्हणायची. आलंगेलं कुणी असतं."

दोघांच्या चार, वर कढईची एक. मी पाच मुठी घेतल्या. झाले चौघांचे. तेव्हा माझ्या डोक्यात लखकन पडलं: मूठ कुणाची?

जाड्या पोह्यांचा डबा आणि एक परात घेऊन तिच्या पलंगाशी गेलो. "घाल मुठी."

"काय चाललंय?"

"घाल गं."

तिनं पाय न हलवता, जरा तिरपं होऊन डब्यात हात घातला. एक, दोन, तीन. मी आजवर तो हात नीट बघितला नव्हता असं म्हणणार नाही, पण मुठीसकट कधी बघितला नव्हता. बोटं आखूड, करंगळी एका बाजूला वाकलेली. ती करंगळी २०१९ ची. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा मी चार दिवस घरी नव्हतो, तासातासाला आकडे कळवत होतो. हिनं एकटीनं गहू, तांदूळ, गॅसची टाकी, देव, सगळं गच्चीवर चढवलं. त्यात कधीतरी दारात बोट सापडलं. मला कळलं पंधरा दिवसांनी, हाड जुळून गेल्यावर.

पाच मुठी वाटीनं मोजल्या. तीन वाट्यांना बोटभर कमी. माझ्या पाच मुठी भरल्या पाच वाट्या. आकडा सापडला. मी खूष.

मग रीतसर कामाला लागलो. पोहे चाळणीत घेऊन नळाखाली दोनदा फिरवायचे आणि निथळत ठेवायचे. तेवढ्यात कांदा चिरून होतो. दाणा दोन बोटांत दाबला की मोडला पाहिजे, लगदा होता कामा नये. मीठ आणि चिमूटभर साखर पोह्यांनाच चोळून ठेवायची. हळद पाव चमचा, फोडणीत, कांदा मऊ झाल्यावर. पोहे परतले की पाण्याचा हबका आणि झाकण, एक दणकून वाफ. वर कोथिंबीर, खोबरं, लिंबाची फोड. दहाव्या दिवशी नंदानं ताटली पुसून खाल्ली आणि काही बोलली नाही. हे उत्तर न देणं वेगळं होतं.

चहासाठी मी आणखी एक केलं. नातवाचा जुना कंपास सापडला, त्यातल्या कर्कटकानं चहाच्या जर्मनच्या पातेल्याला आतून दोन रेघा ओढल्या. खालची पाण्याची, वरची दुधाची. रोज त्या रेघांपर्यंत. चहा चुकायचा बंद झाला.

तीन आठवड्यांनी ती वॉकर टेकत टेकत स्वयंपाकघराच्या दारात आली. ओटा बघितला, फडकं बघितलं, शेगडीच्या बर्नरभोवतीचा काळा डाग बघितला. मग पातेलं उचललं.

"हे काय?"

"पातळी."

"माझ्या आईचं पातेलं आहे हे!"

मी खाली बघितलं. तिनं पातेलं उजेडाकडे नेलं, रेघांवर अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवला.

"रोज ह्या रेघेला दूध घालताय?"

"हो."

"तरीच. पहिल्या दिवसापासून म्हणतेय, पांचट लागतोय." तिनं पातेलं माझ्यापुढं धरलं आणि नखानं जागा दाखवली. "इथं पाहिजे. कर्कटक आणा ते."