अध्ययन रजा मिळण्याबाबत विनंती अर्ज

दिनांक : 6 जुलै 2026

प्रति,
मा. अधिसेविका,
परिचर्या विभाग, पुणे

मार्फत : परिसेविका, नवजात शिशु अतिदक्षता विभाग

विषय : नवजात शिशु परिचर्येच्या पदविकेसाठी 1 सप्टेंबर 2026 ते 31 ऑगस्ट 2027 या काळात अध्ययन रजा मिळण्याबाबत.

आदरणीय मॅडम,

मी नऊ वर्षांपासून आपल्या रुग्णालयात अधिपरिचारिका आहे. त्यांतली शेवटची सात वर्षं एनआयसीयूत गेली. नवजात शिशु परिचर्येच्या एक वर्षाच्या पोस्ट बेसिक डिप्लोमासाठी माझी निवड झाली आहे. संस्था मुंबईत असून तिला भारतीय परिचर्या परिषदेची मान्यता आहे. अभ्यासक्रम पूर्ण वेळ आहे आणि त्यातला मोठा भाग प्रत्यक्ष वॉर्डमधल्या कामाचा आहे, त्यामुळे नोकरी सांभाळून तो करता येणार नाही.

मॅडम, हा अर्ज का करते आहे ते मोकळेपणाने सांगते. फेब्रुवारीत माझ्या नाईटला अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेलं, 960 ग्रॅमचं बाळ सीपॅपवर होतं. प्रॉन्ग सारखे निसटत होते आणि मी दर वेळी पट्टी थोडी घट्ट करत होते. पहाटे चारला सक्शन करताना दोन नाकपुड्यांमधला पडदा लालभडक झालेला दिसला. टोपी एक माप मोठी होती. ती वर सरकत होती म्हणून प्रॉन्ग निसटत होते; पट्टी आवळून उपयोग नव्हता, टोपी बदलायला हवी होती. प्रॉन्ग आणि पडदा यांच्यात साधारण दोन मिलिमीटर जागा मोकळी राहायला हवी, हे मला नंतर डॉक्टरांनी दाखवलं. पुढे त्वचा भरून आली आणि बाळ 1,720 ग्रॅमचं होऊन घरी गेलं. पण ती चूक माझ्या हातून झाली होती. आपल्याकडे आम्ही बहुतेक जणी एकमेकींचं बघून शिकलो आहोत. हाताला सवय आहे. अमुक एक गोष्ट अशीच का करायची, हे मात्र पुष्कळदा माहीत नसतं. ते मला नीट शिकायचं आहे आणि परत येऊन नव्या मुलींना बाळापाशी उभं राहून शिकवायचं आहे.

माझ्या गैरहजेरीत ड्युटीचा खोळंबा होऊ नये म्हणून परिसेविका मॅडमच्या सल्ल्याने व्यवस्था आधीच केली आहे. माझ्या जागी बालरोग वॉर्डमधल्या शैला सिस्टर येतील. त्या 15 जूनपासून आठवड्यातले तीन दिवस माझ्याबरोबर एनआयसीयूत काम करत आहेत. वॉर्मर, फोटोथेरपी, नळीतून दूध देणं आणि सिरिंज पंप त्या आता स्वतंत्रपणे सांभाळतात. व्हेंटिलेटरवरचं बाळ एकटीने घ्यायला त्यांना अजून वेळ लागेल. म्हणून सप्टेंबर आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्या सहाही नाईट संगीता सिस्टर किंवा मेरी सिस्टर यांच्या जोडीने लावल्या आहेत. त्यासाठी या दोघींनी आपले नाईट ऑफ आपसांत बदलून घेतले आहेत. बालरोग वॉर्डची जागाही रिकामी राहणार नाही. रेखा सिस्टर प्रसूती रजेवरून 17 ऑगस्टला रुजू होत आहेत आणि त्यांनी तिथे जायला होकार दिला आहे.

विसर्जनाची मिरवणूक 25 सप्टेंबरला आहे. पेठांतले रस्ते बंद असतात आणि मिरवणूक दुसऱ्या दिवशीही चालते. दर वर्षी त्या सकाळी रिलीव्हर वेळेवर पोहोचत नाही आणि नाईटच्या मुली अडकतात. यंदा 25 आणि 26 तारखेच्या ड्युट्या क्वार्टरमध्ये राहणाऱ्या सिस्टरनाच दिल्या आहेत. नोव्हेंबरअखेरपर्यंतची ड्युटी लिस्ट सर्वांच्या सह्यांनिशी सोबत जोडली आहे.

क्रॅश ट्रॉली, कपाटाची किल्ली व औषधांचं रजिस्टर आणि आईच्या दुधाच्या साठ्याची नोंदवही यांचा हँडओव्हर मी 24 ते 29 ऑगस्टदरम्यान वस्तू मोजून, सह्या घेऊन देईन.

माझी 64 दिवसांची अर्जित रजा शिल्लक आहे. ती आधी धरावी आणि उरलेला काळ नियमानुसार अध्ययन रजा म्हणून मंजूर करावा. ती विनावेतन असली तरी माझी तयारी आहे. पदविकेनंतर किमान तीन वर्षं याच विभागात काम करण्याचा बॉण्ड लिहून द्यायलाही मी तयार आहे.

संस्थेत प्रवेश निश्चित करण्याची शेवटची तारीख 31 जुलै आहे आणि त्यासाठी रुग्णालयाचं ना हरकत पत्र लागतं. तरी 25 जुलैपर्यंत निर्णय कळवावा, ही नम्र विनंती. समक्ष बोलायचं असल्यास या आठवड्यात मला मॉर्निंग आहे. दुपारी दोननंतर केव्हाही येईन.

आपली विश्वासू,
वैशाली जगताप
अधिपरिचारिका, नवजात शिशु अतिदक्षता विभाग

सोबत : प्रवेशपत्राची प्रत, महाराष्ट्र परिचर्या परिषदेच्या नोंदणीची प्रत, ड्युटी लिस्ट, चारही सिस्टरची लेखी संमती.