अकाउंट्स एक्झिक्युटिव्हची मुलाखत, चाकण एमआयडीसी: उमेदवार म्हणून माझा अनुभव

एका दिवसात तीन फेऱ्या झाल्या. माझी निवड झाली नाही.

मेलमध्ये साडेदहाची वेळ होती. हडपसरहून चाकण म्हणजे नाशिक फाट्यापुढची कोंडी धरून चालावं लागतं, म्हणून सव्वासातलाच निघाले आणि दहाला गेटवर पोचले. आत बोलावणं आलं एक वाजून दहा मिनिटांनी. महिनाअखेर होती, अकाउंट्समध्ये तेव्हा काय धावपळ असते हे मला माहीत आहे. राग उशिराचा नाही. पण एवढ्या वेळात कुणी बाहेर येऊन "अजून तासभर लागेल" इतकंही सांगितलं नाही. आम्ही पाच जण होतो, त्यातला एक सोलापूरहून रात्रीच्या एसटीने आलेला. पाणी कुठे मिळेल ते सिक्युरिटीच्या काकांनी आपणहून दाखवलं.

लेखी चाचणी मात्र उत्तम. सगळ्यांना एकच पेपर, त्यावर नावाऐवजी नंबर. खरेदी नोंदवही जीएसटीआर-2बीशी, म्हणजे पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला तयार होणाऱ्या यादीशी, जुळवायची आणि टॅलीत काही एंट्र्या करायच्या. रोजच्या कामातलंच सगळं.

मग एचआरची फेरी. "लग्न ठरलंय का? नंतर पुण्यातच राहणार ना?" बाहेर आल्यावर बाकीच्यांना विचारलं, चारही मुलगे, एकालाही हा प्रश्न नव्हता. मी "अजून काही ठरलं नाही" म्हणून वेळ मारून नेली. नोकरी हवी असलेल्या माणसाला तिथे "हे सांगणार नाही" म्हणता येत नाही, आणि नेमकं म्हणूनच ते विचारायला नको. शेवटच्या फेरीत अकाउंट्स मॅनेजरनी कामापलीकडचं एक अक्षर विचारलं नाही, माझं उत्तरही मध्येच तोडलं नाही.

नवव्या दिवशी त्यांचाच फोन आला. नकार आधी सांगितला, मग कारण. पुरवठादाराने 11 तारखेनंतर जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं विवरणपत्र, भरला, तर ते बिल पुढच्या महिन्याच्या 2बीमध्ये दिसतं. अशी तीन बिलं मी वेगळी न काढता त्याच महिन्याच्या टॅक्स क्रेडिटमध्ये धरली होती. "बाकी पेपर चांगला होता, एवढं पक्कं करा," म्हणाले. सात-आठ मिनिटांचा फोन. त्या रात्री घरी पुन्हा जुळवणी करून पाहिली. चूक माझीच होती. आजवर चार ठिकाणी नकार मिळाला, कारण कळलं ते फक्त इथे.

त्या विभागात जागा निघाली तर मी पुन्हा अर्ज करेन. कंपनीने पाच जणांना पाच वेगळ्या वेळा द्याव्यात आणि लग्नाचा प्रश्न कायमचा काढून टाकावा. फोनही सगळ्यांना करावा. तो फक्त शेवटच्या फेरीपर्यंत गेलेल्या आम्हा दोघांना आला. सोलापूरच्या मुलाचा नंबर माझ्याकडे आहे. महिना झाला, त्याला अजून साधा नकाराचा मेलही आलेला नाही.