भरतीओहोटीची शाळा : हर्णै परिसरातील शाळाबाह्य किशोरांसाठी साक्षरता प्रकल्प (अनुदान प्रस्ताव)

कालावधी : जून ते मे, १२ महिने. मागणी : ₹४,८६,०००

गरज
फेब्रुवारीत आमच्या महिला मंडळाने हर्णै, पाजपंढरी आणि बुरोंडीच्या मच्छीमार वस्त्या घरोघर फिरून पाहिल्या. १३ ते १८ वयाची ७४ मुलंमुली शाळेबाहेर होती, त्यांत ४१ मुली. मुलगे खलाशी म्हणून बोटीवर, मुली कोळंबी सोलायला किंवा धाकट्या भावंडांपाशी. २९ जणांना साधा परिच्छेदही वाचता आला नाही. यांतली बरीच मुलं चौथी-पाचवीपर्यंत नीट शिकत होती. शाळेची वेळ आणि बंदरावरच्या कामाची वेळ जुळेना, तेव्हा शाळा सुटली. शिक्षण हक्क कायद्याचं कवच चौदाव्या वर्षापर्यंतच आहे. त्यापुढच्या मुलांची चौकशी करायला कुणी येत नाही. म्हणून आम्ही ६० जणांसोबत काम करू. त्यांतल्या तेरा वर्षांच्या मुलांना आधी नियमित शाळेतच बसवू.

प्रकल्पाची साखळी
*साधनं :* वस्तीतल्याच चार शिक्षिका-ताई, एक समन्वयक, वाचनपेटी.
*काम :* १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी किनाऱ्याला लागलेल्या असतात. त्या दोन महिन्यांत रोज दोन तास वर्ग. ऑगस्टपासून आठवड्याला तीन दिवस. मुलींचा वर्ग दुपारी, लिलावाआधी, कुणाच्यातरी पडवीत; मुलग्यांचा रात्री. समुद्रावर जाणाऱ्याला लॅमिनेट केलेली वाचनपत्रं, कारण कागद बोटीवर टिकत नाही.
*हाती येणारं :* ६० जणांना किमान १२० तास शिकवणं.
*बदल :* ४५ जण सलग गोष्ट वाचतील, हिशेबाची चिठ्ठी लिहितील. २० जण मुक्त विद्यालयाच्या पाचवी किंवा आठवीच्या परीक्षेला बसतील.

ही साखळी एका गृहीतावर उभी आहे : घरचे वेळ देतील. त्यासाठी वर्ग सुरू होण्याआधी प्रत्येक घरी आईशी आणि तांडेलाशी बोलणं होईल.

देखरेख
हजेरीवरून शिकणं कळत नाही. जून, नोव्हेंबर आणि एप्रिलमध्ये प्रत्येकाची अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशी तोंडी चाचणी होईल, आणि ती दुसऱ्या वस्तीची ताई घेईल. आपल्या मुलांना गुण देताना हात सैल होतो, हा आमचाच अनुभव. गैरहजेरीपुढे कारण लिहायचं : बोट, घरकाम, आजार, स्थलांतर. बोटीचं कारण नसताना दोन आठवडे कुणी आलं नाही, तर ताई घरी जाईल. नोंदी समन्वयक दरमहा तपासेल, आपल्याला तिमाही अहवाल मिळेल. नोव्हेंबरपर्यंत निम्मी मुलं एक पायरीही वर चढली नाहीत, तर पद्धत बदलू आणि तसं आपल्याला लेखी कळवू.

खर्च
ताईंचं मानधन ₹२,४०,०००, समन्वयक ₹१,४४,०००, पुस्तकं-साहित्य ₹४८,०००, परीक्षा शुल्क व प्रवास ₹३६,०००, चाचण्या ₹१८,०००. जागा आणि वीज वस्त्या देतील.