पी.पी. नंबर

कोयना एक्सप्रेसमधून उतरलेल्या मावशींनी माहुलीच्या स्टेशनाबाहेर सदाशिवच्या हाती जी चिठ्ठी दिली, तिच्यावर पत्ता नव्हताच. "भैरवनाथ स्टोअर्स, सातारा" एवढे नाव, त्याखाली पाच आकडी फोन नंबर आणि नंबरापुढे कंसात "पी.पी." अशी दोन अक्षरे होती. मावशी सत्तरी ओलांडलेल्या होत्या. लालबागच्या चाळीत त्यांच्या शेजारी राहणारी कुसुम 1982 च्या गिरणी संपानंतर नवऱ्यासह साताऱ्याला परतली आणि काही वर्षांनी तिने पत्रातून हा नंबर कळवला, एवढेच त्यांना सांगता येत होते. फोन कितीदा केला तरी लागत नाही, म्हणून त्या स्वतःच निघून आल्या होत्या.

कृष्णेचा पूल ओलांडेपर्यंत सदाशिवने मोबाइलच्या नकाशावर दुकानाचे नाव शोधून पाहिले होते. त्या नावाची दोन दुकाने मिळाली, एक गोडोलीत आणि एक करंजेत. पण दोन्ही अलीकडची निघाली आणि कुसुमताईंचे नाव तिथे कुणालाच माहीत नव्हते. पोवई नाक्यावर गाडी कडेला घेऊन त्याने चिठ्ठी पुन्हा वाचली, तेव्हा त्याची नजर आकड्यांवर थांबली. टॅक्सी घेण्याआधी त्याने एसटीडी बूथ चालवला होता, त्यामुळे 2002-03 च्या सुमारास गावोगावच्या लँडलाइन नंबरांपुढे 2 हा आकडा जोडला गेला हे त्याच्या पक्के लक्षात होते. मावशी इतकी वर्षे जुनाच नंबर फिरवत होत्या.

त्याने 02162 आणि त्यापुढे 2 लावून नंबर जोडला. फोन वाजला, बराच वेळ वाजत राहिला, पण कुणी उचलला नाही.

"म्हणजे नंबर चालू आहे, मावशी," तो म्हणाला. "पण पी.पी. लिहिलंय. फोन तुमच्या मैत्रिणीचा नाही, शेजाऱ्यांचा असणार. शेजारी बोलावून आणायचे."

"हो, तसंच होतं. एक मुलगा हाक मारायला धावायचा, असं तिनं लिहिलं होतं."

आता प्रश्न दुकानाचा होता. बंद पडलेल्या दुकानाची आठवण गिऱ्हाइकाला राहील न राहील, पण त्याला उधारीवर माल देणाऱ्याला ती नक्की राहते, असा विचार करून सदाशिवने राजपथाने गाडी मोती चौकाकडे घेतली आणि किराणा मालाच्या एका जुन्या घाऊक व्यापाऱ्यांकडे जाऊन विचारले. गादीवरच्या वृद्ध शेठजींनी नाव ऐकताच चष्मा काढला.

"भैरवनाथ स्टोअर्स? चिमणपुऱ्यात होतं. मालक वारले, मुलगा पुण्याला गेला. आता तिथं झेरॉक्सचं दुकान आहे. पण माणूस व्यवहाराला चोख, एक पैसा बाकी ठेवला नाही कधी."

चिमणपुरा पेठेतील झेरॉक्सचे दुकान सहज सापडले. ते चालवणारा तरुण मात्र भाडेकरू होता आणि त्याला आसपासचे फारसे कुणी ठाऊक नव्हते. दुकानाला लागून एक अरुंद बोळ आत जात होता. सदाशिवने गाडी बोळाच्या तोंडाशी उभी केली, मावशींना आत बसू दिले आणि तो पुन्हा तोच नंबर लावून, फोन कानाला न लावता, एकेका दारासमोरून सावकाश चालू लागला. एका घरातून टीव्हीचा आवाज येत होता, दुसऱ्यातून कुकरच्या शिट्टीचा. नंबर आपोआप तुटला की तो पुन्हा लावत होता. वळणापुढच्या दुमजली घराच्या माडीवरून अखेर जुन्या टेलिफोनची घंटा ऐकू आली. त्याने फोन बंद केला, घंटा थांबली. पुन्हा लावला, ती पुन्हा वाजली.

त्याने कडी वाजवली. बाहेर आलेल्या बाईंनी आधी संशयाने पाहिले, पण सगळे ऐकल्यावर त्यांचा चेहरा निवळला. "तो फोन नेटसाठी ठेवलाय हो. जाहिरातींशिवाय कुणी करत नाही, म्हणून उचलत नाही आम्ही. कुसुममावशी ना? ह्या पलीकडच्या खोल्या त्यांच्याच. लहानपणी आमचे हेच त्यांना फोनला बोलवायला पळायचे."

सदाशिव मावशींना हाताला धरून बोळातून घेऊन आला तोवर कुसुमताई ओट्यावर येऊन उभ्या होत्या. दोघींनी एकमेकींना ओळखायला क्षणभर वेळ घेतला.

"अगं, एक पत्र तरी टाकायचंस!" कुसुमताई म्हणाल्या.

"तूच थांबवलीस ना पत्रं. मला वाटलं..." मावशींनी वाक्य पुरे केले नाही. कुसुमताईंनी त्यांची पिशवी ओढून घेतली आणि सदाशिवलाही चहाला आत बोलावले.

तेवढ्यात बोळाच्या तोंडाशी दुधाचा टेम्पो हॉर्न वाजवू लागला. "गाडी बाजूला लावून आलोच," असे म्हणत सदाशिव पळाला.